हमी फक्त तारखेची

रत्नागिरीतले विजेचे खांब फार आशावादी आहेत. रहाटाघरच्या एसटी स्थानकापासून साळवी स्टॉपपर्यंत पायी गेलात, तर वाटेतला जवळजवळ प्रत्येक खांब तुमचं काही ना काही बरं करून द्यायला तयार असतो. मूळव्याध-भगंदर, विनाऑपरेशन. गुडघेदुखी, सात दिवसांत. दमा, टक्कल, दारू आणि कमी उंची हे चारही विकार एकाच वैद्याकडे, एकाच मोबाइल नंबरवर. त्यातली दारू तर पिणाऱ्याच्या नकळत सुटते, म्हणजे बरं झाल्याचंही त्याला कळत नसावं. खांबावरच्या त्या चतकोर कागदावर शंका मात्र औषधालाही सापडत नाही.

अशा गावात एका रुग्णालयाने संधिवाताची विशेष ओपीडी सुरू करायचं ठरवलं आणि तिच्या फलकाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीचा निवृत्त मास्तर. निवृत्त मराठी मास्तराकडे गाव दोन कामं घेऊन येतं, लग्नपत्रिका आणि श्रद्धांजली. रुग्णालय या दोहोंच्या मधे कुठेतरी येतं, म्हणून तेही माझ्याच वाट्याला.

आता रत्नागिरीत हाडांचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण संधिवाततज्ज्ञ हा प्राणी वेगळा. हाडांचे डॉक्टर मोडलेलं जोडतात, झिजलेलं बदलतात. संधिवाततज्ज्ञ हातात करवत धरत नाही. तो मुळात फिजिशियन आणि त्याचं काम वेगळ्याच भांडणाशी. शरीराची रोगप्रतिकारशक्ती परक्या जंतूंशी लढायचं सोडून आपल्याच सांध्यांवर उठते, तेव्हा तो लागतो. कोकणातल्या माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही, ही भाऊबंदकी आहे. बाहेरचा कोणी आलेला नाही, घरातलेच एकमेकांच्या हद्दीत शिरलेत. असे डॉक्टर महिन्यातून दोन शनिवारी कोल्हापूरहून येणार होते. ही बातमी लोकांना सांगायची, एवढंच काम.

बैठकीला रुग्णालयाचे एक विश्वस्त होते. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांचा आंब्याचा व्यवसाय. त्याशिवाय व्यवस्थापक, काउंटरवरच्या ताई, फ्लेक्स छापणारा मुलगा आणि टेबलावर मधोमध ठेवलेला मोबाइल. मोबाइलच्या स्पीकरवर कोल्हापूरहून डॉक्टर.

काकांनी मजकूर घरूनच लिहून आणला होता. त्यांनी तो उभं राहून वाचला. “संधिवातापासून कायमची मुक्ती! आता मुंबई-पुण्याला जायची गरज नाही! सुप्रसिद्ध, निष्णात आणि मनमिळाऊ डॉक्टर रत्नागिरीकरांच्या सेवेत! खात्रीशीर उपचार! हजारो रुग्ण ठणठणीत बरे!” ओपीडी अजून सुरू व्हायची होती, पण हजारो बरे होऊन घरी गेलेले होते.

मोबाइलमधून आवाज येईना. काका वाकून म्हणाले, “डॉक्टर, ऐकू येतंय ना?”

“येतंय,” डॉक्टर म्हणाले, “म्हणूनच गप्प आहे.”

मग त्यांनी नियम सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नियम २००२ सालचे. २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे नियम जाहीर झाले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, त्यामुळे २००२चेच अजून चालू आहेत. त्यांप्रमाणे डॉक्टरने रुग्ण गोळा करण्यासाठी जाहिरात करायची नाही. वर्तमानपत्रात औपचारिक निवेदन देता येतं, पण सातच प्रसंगी. व्यवसाय सुरू करताना, त्याचं स्वरूप बदलताना, पत्ता बदलताना, काही काळ कामावर नसताना, पुन्हा काम सुरू करताना, दुसऱ्याचा व्यवसाय पुढे चालवायला घेताना आणि आपली फी जाहीर करताना. बस. मी ही यादी वहीत उतरवून घेतली. त्यातला चौथा प्रसंग ऐकताना ताईंनी मान डोलावली. बाहेरगावाहून येणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत रत्नागिरीत सर्वात जास्त वापरला जातो तो हाच.

“बरं, मग पाटी तरी मोठी लावू,” काका म्हणाले. “वीस फुटी. मारुती मंदिरच्या चौकात.”

त्यालाही नियम होता. पाटी अवाजवी मोठी नको. तिच्यावर नाव, विद्यापीठाची किंवा कायदेशीर संस्थेची पदवी, विषय आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, याहून जास्त काही नको. सुप्रसिद्ध नको, निष्णात नको, मनमिळाऊ तर नकोच. शिवाय जिथे डॉक्टर राहत किंवा काम करत नाहीत, तिथे त्यांची पाटी लावणं अनुचित. मारुती मंदिरच्या चौकात डॉक्टर राहत नाहीत, मारुती राहतो. चौक गेला. औषधाच्या दुकानावर लावू म्हटलं, तर नियमात त्याचाही नाव घेऊन निषेध होता. ज्याने हा नियम लिहिला, तो आमच्या काकांना ओळखत असावा.

फ्लेक्सवाला इतका वेळ शांत होता. त्याने विचारलं, “फोटो केवढा घेऊ?”

“फोटो नाही,” डॉक्टर म्हणाले. पाटीवर स्वतःचा फोटो लावणं म्हणजे आत्मप्रसिद्धी, तेही याच नियमांत.

फ्लेक्सवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वाढदिवस, दहीहंडी, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, या सगळ्यांत फोटो लागतो. फोटोशिवाय फ्लेक्स ही कल्पनाच त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती. “मग मधे काय टाकू?” तो म्हणाला. त्याने इंटरनेटवरचा एक लालबुंद, धगधगणारा गुडघा दाखवला. मग एक परदेशी आजी-आजोबा दाखवले. ते समुद्रकिनाऱ्यावर धावत होते. भाट्याच्या वाळूत आमच्या गावचे आजोबा असे धावले, तर लोक आधी पोलिसांना फोन करतील. पण डॉक्टरांचा आक्षेप वेगळा होता. धावणारे आजोबा हीसुद्धा हमीच आहे, शब्दांत न लिहिलेली. पाटीखालून लंगडत आलेल्या माणसाला ते चित्र सांगतं की तूही असा धावशील. ते आजोबाही गेले.

काका आता हट्टाला पेटले. “अहो, पण बरं करतो म्हणायचं नाही, तर दवाखाना काढायचा कशाला? मी पेटीवर ‘अस्सल देवगड हापूस’ असं लिहायचं नाही का?”

“तुम्ही रत्नागिरीचे आहात, काका,” ताई हळूच म्हणाल्या.

ते वाक्य तिथेच सोडून डॉक्टर पुढे गेले. १९५४ सालचा एक कायदा आहे, औषधं आणि जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याला ५४ रोगांची यादी जोडलेली आहे. अमुक औषधाने यातला रोग बरा होतो अशी जाहिरात केली, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्या यादीत कर्करोग आहे, मधुमेह आहे, मोतीबिंदू आहे, लठ्ठपणा आहे, माणसाची उंचीसुद्धा आहे. आणि संधिवातही आहे. आमची पाटी औषधाची नव्हती, डॉक्टर कधी भेटतील याची होती. पण तिच्यावर “नव्या इंजेक्शनने संधिवात बरा” एवढी एक ओळ आली असती, तर काकांना उत्तरं देत फिरावं लागलं असतं. खांबावरचा वैद्य हा कायदा रोज मोडतो आणि त्याला कोणी विचारत नाही, हे खरं. पण त्याचा पत्ता कोणाला ठाऊक नसतो. रुग्णालयाचा सगळ्यांना ठाऊक असतो.

कायदा बाजूला ठेवला, तरी हमी देता का येत नाही, हे मग डॉक्टरांनी सांगितलं आणि तेवढा वेळ काकाही गप्प बसले. आमवात म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. त्याची मुख्य औषधं हळू चालतात. आज गोळी घेतली आणि उद्या बोट वळलं, असं होत नाही. सहा ते बारा आठवड्यांनी फरक कळू लागतो. बऱ्याच जणांचा रोग आटोक्यात येतो, काहींना पहिलं औषध लागूच पडत नाही, मग दुसरं, कधी दोन मिळून. मधूनमधून रक्त तपासून यकृत आणि रक्तपेशी ठीक आहेत ना, ते पाहावं लागतं. यातली नेहमीची गोळी तर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती कोणी चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतू शकतं. इतकं सगळं नीट जमलं तरी रोग मुळासकट गेला असं म्हणता येत नाही. आटोक्यात आहे, एवढंच म्हणायचं.

“आणि खांबावरचा सात दिवसांत कसा बरा करतो?” काकांनी विचारलं.

“करतो ना,” डॉक्टर म्हणाले. “पुडीत स्टेरॉइड असलं, तर दोन दिवसांत सूज उतरते. रुग्ण उड्या मारायला लागतो. वर्ष-दीड वर्षाने तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मग तो आमच्याकडे येतो. आणि पुडी एकदम बंद केली तर आणखी वाईट. म्हणून मजकुरात लिहा, घेत असलेल्या पुड्या बरोबर आणा. तिथे बसून ओरडणार नाही म्हणावं.”

शेवटचं वाक्य मी लिहिलं नाही, पण फलकावर यायला हवं होतं ते खरं तर हेच.

व्यवस्थापक कायद्याच्या नावाने दचकलेले होते. त्यांनी दुसरं टोक गाठलं. खाली ठळक अक्षरांत ओळ टाकू म्हणाले: “उपचारांच्या परिणामांस रुग्णालय जबाबदार राहणार नाही.” वाचताना मला एसटी स्टँडवरच्या सामानाच्या पाटीची आठवण झाली. माणूस स्वतःचा गुडघा जिथे सोपवायला आलाय, तिथे दारातच कळावं की गुडघा हरवल्यास आम्ही जबाबदार नाही! शिवाय त्या ओळीचा उपयोगही नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवून टाकलंय. हलगर्जी झाली, तर पाटी दाखवून सुटका होत नाही. बरं होण्याची हमी न देणं वेगळं आणि काळजी घ्यायची जबाबदारी झटकणं वेगळं. पहिलं प्रामाणिक आहे, दुसरं नुसतंच घाबरट. मी लिहिलं, “उपचारांचा परिणाम प्रत्येक रुग्णात वेगळा असतो. तपासणीनंतर डॉक्टर आपणास समजावून सांगतील.” डॉक्टर हो म्हणाले, व्यवस्थापक नाइलाजाने हो म्हणाले, काका “पुचाट आहे” म्हणाले. तिघांची अशी मतं आली की मजकूर साधारण बरोबर आहे असं समजावं.

आता प्रश्न, यावं कोणी? “सर्व प्रकारच्या सांधेदुखीवर” असं लिहिलं, तर अख्खा जिल्हा येईल. मंडणगडपासून राजापूरपर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढून-उतरून चाळिशीनंतर गुडघा न दुखणारा माणूस सापडणं कठीण. त्यातले बहुतेक झीज झालेले, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांचे. डॉक्टरांनी खूण सांगितली. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात? झिजेचा गुडघा थोड्या वेळात सुटतो, अर्ध्या तासाच्या आत, आणि चाललं की जास्त दुखतो. आमवाताचे सांधे अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त आखडलेले राहतात आणि हालचाल केली की उलट सुटतात. त्यात हाताच्या बोटांचे, मनगटांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजलेले आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ तसेच असले, तर त्या माणसाने वाट पाहू नये.

काकांनी लगेच संधी साधली. “माझे गुडघे पाहा ना डॉक्टर. पायऱ्या उतरताना जीव जातो.”

“सकाळी किती वेळ आखडतात?”

“दहा मिनिटं. चहा होईपर्यंत.”

“बोटं?”

“बोटं ठणठणीत. नोटा मोजतो ना.”

“मग बहुधा झीज. तपासल्याशिवाय सांगणार नाही, पण आधी गावातल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडचा नंबर दुसऱ्या कोणाला मिळू दे.”

आपण काढलेल्या ओपीडीने पहिल्याच दिवशी आपल्यालाच परत पाठवावं, हे काकांच्या मनाला लागलं. पण आता त्यांना ओपीडीची किंमत कळली. ज्या दुकानात गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाचा रस्ता सांगतात, ते दुकान खरं असावं, असं ते नंतर मला म्हणाले.

मी ओळ लिहिली, “लहान सांध्यांचा दीर्घकालीन दाह.” ताईंनी वाचली आणि म्हणाल्या, “मास्तर, हे वाचून कोणी येणार नाही. दाह म्हणजे ॲसिडिटी समजतील.” मग त्यांनीच सांगितलं तसं लिहिलं: “सकाळी बोटं मिटत नाहीत, खोबरं खवता येत नाही, बांगडी चढत नाही.” डॉक्टर स्पीकरवरून म्हणाले की आमच्या पाठ्यपुस्तकात इतकं नेमकं लिहिलेलं नाही.

इथवर सगळं सोपं होतं. खरी लढाई वार आणि वेळ यांवर झाली.

काका म्हणाले, दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी १० ते १. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण दुसरा शनिवार कोणता? ताईंना हा अनुभव होता. महिन्याची पहिली तारीख रविवारी आली की काही लोक तो रविवार म्हणजे पहिला आठवडा धरतात आणि ७ तारखेला येऊन बसतात. त्यांच्या हिशोबाने दुसऱ्या आठवड्याचा शनिवार. डॉक्टर येतात १४ला. कॅलेंडरला हात लावून दाखवलं तरी त्यांना पटत नाही, कारण पहाटेची गाडी पकडून ते आलेले असतात आणि आलेल्या माणसाला आपण चुकलो असं वाटत नाही. शिवाय पाच शनिवारांचा महिना आला की पाचव्या शनिवारी चार जण हमखास. म्हणून ठरलं, वार लिहायचाच, पण पुढच्या तीन महिन्यांच्या तारखाही लिहायच्या. तारखेशी वाद घालता येत नाही.

मग वेळ. कोल्हापूर ते रत्नागिरी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. कागदावर तीन-साडेतीन तास. पण मधे घाट आहे, घाटात ट्रक आहेत, रस्त्याला चौपदरीकरण आहे आणि जूनपासून पुढे पाऊस आहे. २०२१च्या जुलैत आंबा घाटात दरडी आल्या, रस्ता खचला आणि वाहतूकच बंद पडली. रेल्वेने यावं तर वैभववाडी-कोल्हापूर मार्ग अजून कागदावर धावतोय. म्हणजे रोगाची हमी कायद्याने देता येत नाही आणि डॉक्टरांची हमी घाट देऊ देत नाही.

“१० लिहू आणि साडेअकराला येऊ, सगळेच तसं करतात,” व्यवस्थापक म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, “नको. ११ लिहा. ११ला खुर्चीत असेन. मी बरं करीन असं म्हणत नाही, निदान येईन तरी असं म्हणू द्या.”

वेळ ठरली ११ ते ४. आता किती रुग्ण? काकांचा आकडा होता शंभर. ताईंनी कागद ओढला. ११ ते ४ म्हणजे पाच तास. अर्धा तास जेवणाचा, उरली २७० मिनिटं. नवा रुग्ण म्हणजे दहा वर्षांचे कागद, चार डॉक्टर, तीन पुड्या आणि एक बाबा. त्याला २० मिनिटं लागणारच. जुना १० मिनिटांत होतो. सहा नवे धरले तर १२० मिनिटं, उरलेल्या १५० मिनिटांत १५ जुने. एकूण २१. पण पहिल्या शनिवारी जुना रुग्ण येणार कुठून? सगळेच नवे. २७० भागिले २०, तेरा.

“तेरा?” काका ओरडले. “अहो, आमच्या एका वाडीतच पंचवीस गुडघे आहेत!”

“त्यातले किती सकाळी अर्धा तास आखडतात?” ताईंनी विचारलं. त्या आता तयार झाल्या होत्या.

म्हणून नंबर फोनवर घ्यायचा आणि प्रत्येकाला वेळ द्यायची असं ठरलं. अर्थात, १ वाजताची वेळ मिळालेली आजी लांज्याहून ८लाच येऊन बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला वेळेचा भरवसा नसतो असं नाही. तिला परतीच्या गाडीचा भरवसा नसतो. त्याला फलकाचा इलाज नाही. खुर्च्या वाढवायच्या.

व्यवस्थापकांना आणखी एक वेळ टाकायची होती, वॉर्डात दाखल रुग्णांना नातेवाइकांनी भेटायची. सायंकाळी ५ ते ६.३०. कोकणात माणूस दवाखान्यात पडला की वाडीतून टेम्पो निघतो. शहाळी, पेजेचा थर्मास आणि पथ्याचे सल्ले घेऊन माणसं येतात. त्यातले निम्मे रुग्णाशी बोलतच नाहीत, शेजारच्या खाटेवाल्याचं गाव विचारतात आणि तिथे ओळख काढतात. त्यांना वेळ सांगायलाच हवी. पण ती याच फलकावर आली, तर संधिवाताचे रुग्ण ५ला डॉक्टरांना भेटायला येतील आणि ४ला निघालेले डॉक्टर तेव्हा उजेड आहे तोवर घाट गाठायच्या धडपडीत असतील. म्हणून दोन्ही वेळा लिहायच्या झाल्या तर वेगळ्या चौकटींत लिहायच्या आणि खाली साफ सांगायचं की या वेळेत ओपीडी बंद.

फीवरूनही थोडं झालं. काकांना “माफक शुल्क” हवं होतं. फी जाहीर करायची तर नियमाने मुभा आहे, मग लाजायचं कशाला? माफक म्हणजे किती, हे काउंटरवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. परत जायचं भाडं उरतं.

शेवटी उरला तो मजकूर असा:

संधिवात विशेष ओपीडी
पहिला मजला, खोली क्र. ४
डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक
वार : महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार (पुढील तीन महिन्यांच्या तारखा खाली)
वेळ : सकाळी ११ ते दुपारी ४
कोणी यावं : सकाळी बोटं मिटत नाहीत, खोबरं खवता येत नाही, बांगडी चढत नाही, सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडतात, सूज सहा आठवड्यांहून जास्त आहे.
बरोबर आणा : जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, घेत असलेल्या पुड्या.
शुल्क : नवीन रुग्ण ६०० रुपये, फेरतपासणी ४०० रुपये. रक्ततपासणीचे वेगळे.
नंबर फोनवर आधी घ्यावा. नवीन रुग्णांची संख्या मर्यादित.
उपचारांचा परिणाम प्रत्येक रुग्णात वेगळा असतो. तपासणीनंतर डॉक्टर आपणास समजावून सांगतील.
घाटातील वाहतूक बंद असल्यास ओपीडी होणार नाही. नंबर घेतलेल्यांना आदल्या रात्री किंवा सकाळी ७ पूर्वी फोन येईल.

वॉर्डात नातेवाइकांनी भेटण्याची वेळ : सायं. ५ ते ६.३०, एका वेळी दोघे. या वेळेत संधिवात ओपीडी बंद असते.

एकही उद्गारचिन्ह नाही. फ्लेक्सवाल्याने पैसे कमी घेतले, कारण त्याच्या मते हा फ्लेक्स नव्हताच, सूचनाफलक होता. मी त्याला सांगितलं की तेच म्हणायचं होतं.

पहिल्या शनिवारी डॉक्टर ११ला पाच मिनिटं कमी असताना आले. फलकासमोर गर्दी होती. लोकांनी तो पूर्ण वाचला आणि मग ताईंकडे जाऊन त्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट क्रमाने विचारली. डॉक्टर कधी येतात, किती वाजता, कुठल्या खोलीत, फी किती. छापील मजकुरावर कोकणी माणूस माणसाकडून सही घेतल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. एका आजोबांनी मात्र फलकावर नसलेली गोष्ट विचारली.

“ताय, ह्यांच्या हाताला गुण हाय काय?”

“ते बोर्डावर लिहायला बंदी आहे, आजोबा.”

आजोबांनी फलकाकडे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “लिवलंनी नाय म्हंजे असंल.” आणि नंबर लावला.

पावसाळ्यात एका शनिवारी घाट बंद झाला. ताईंनी पहाटेपासून नंबर घेतलेल्या सगळ्यांना फोन केले. एक सोडून सगळे घरीच थांबले. तो एक फोन लागला नाही म्हणून आला, चहा पिऊन गेला. काका त्या दिवशी रुग्णालयात येऊन म्हणाले, “मास्तर, आपण बरं करायची हमी दिली नाही, ते बरं केलं. येऊ नका हे सांगायचीच हमी पाळताना पुरेवाट झाली.”

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. कुठल्याही दवाखान्याची पाटी वाचताना किती बरं करतात हे शोधू नका. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का, तारीख आहे का, फी आहे का, आणि ते आले नाहीत तर तुम्हाला कोण कळवणार हे लिहिलंय का, ते पाहा. सकाळी अर्धा तास बोटं आखडत असतील, तर दुखणं अंगवळणी पडायची वाट पाहत बसू नका. कोणी पुडी देत असेल, तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरातून निघण्याआधी फोन तेवढा करा.